व्हिजिटिंग कार्डावर लोगो तुटतो, लेटरहेडवर बुजतो: आर्किटेक्टच्या स्टेशनरीसाठी मदत हवी

केतकी_दादर

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट आहे. दहा वर्षं एका ऑफिसात नोकरी केली आणि गेल्या दिवाळीपासून दादरला घरूनच स्वतःची कामं घेते. जुन्या इमारतींमधल्या फ्लॅटची कामं जास्त, शिवाय दोन सोसायट्यांना दुरुस्तीचा सल्ला देते.

माझा लोगो एका मैत्रिणीने फार प्रेमाने करून दिला. आमच्या गिरगावातल्या चाळीच्या लाकडी जिन्याचं सेक्शन आहे ते. नऊ पायऱ्या, वर लँडिंगची आडवी रेघ आणि जिन्याखालच्या त्रिकोणात तिरप्या रेघांचं हॅच. सगळं विटकरी रंगात आणि एकाच जाडीच्या रेघेत. स्क्रीनवर अतिशय सुंदर दिसतो.

त्यावरून कार्ड आणि लेटरहेड मीच मांडलं. कार्डं एका ठिकाणी छापली, लेटरहेड दुसऱ्या ठिकाणी. आता दोन्ही शेजारी ठेवली की एकाच व्यक्तीची वाटत नाहीत. कार्डावर लोगोच्या रेघा इतक्या बारीक आल्यात की मध्येमध्ये तुटल्यासारख्या दिसतात. लेटरहेडवर उलट, रेघा जाड झाल्या आणि हॅच बुजून नुसता डाग दिसतो. रंगही वेगळा: कार्डावर गडद विटकरी, लेटरहेडवर फिका, जरा गुलाबीकडे झुकणारा. फाइल दोघांनाही एकच दिली होती.

चूक कुठे झाली आणि आता दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हे कुणी समजावून सांगेल का? पुढच्या महिन्यात एका सोसायटीच्या कमिटीसमोर जायचं आहे, त्याआधी नवीन छापून घेईन म्हणते.

पिक्सेलपंत

सरळ रेझोल्यूशनचा प्रश्न दिसतोय. स्क्रीनला ७२ डीपीआय चालतं, छपाईला ३०० लागतं. मैत्रिणीकडून ३०० डीपीआयची मोठी जेपीजी मागवा आणि तीच दोन्हीकडे वापरा. रंगाचं म्हणाल तर फाइल आरजीबीमध्ये असणार, ती सीएमवायके करा. लोगो एकच, फाइल एकच, रंगाचे आकडे एकच, मग फरक पडायला जागाच राहत नाही.

रश्मी_पार्ले

माझा लोणच्यांचा घरगुती व्यवसाय आहे. आमच्याही बरणीच्या लेबलवर कैरीचं बारीक रेखाचित्र होतं आणि छोट्या बरणीवर त्याचा असाच चिखल व्हायचा. शेवटी लेबलवाल्यानेच सुचवलं की छोट्या बरणीसाठी नुसती कैरीची बाह्यरेषा ठेवा, आतल्या शिरा काढा. आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही की कैरी बदलली का. तुमचं काम वेगळं आहे, पण सांगावंसं वाटलं.

जुळारीकाका

केतकी, आधी चार गोष्टी सांग, मग बोलू. मूळ लोगो किती मिलिमीटरचा काढलाय आणि त्यात रेघ किती जाड आहे? कार्डावर आणि लेटरहेडवर तो किती मोठा छापलाय? फाइल कसली दिली होतीस? आणि दोन्हीचा कागद कोणता? मोजपट्टी लावून मोज, अंदाजाने सांगू नकोस.

माझं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि आता मुलगा ऑफसेट बघतो. तू वर्णन केलेला प्रकार आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी येतो.

केतकी_दादर

काका, मोजलं. मूळ लोगो ६० मिमीच्या चौकोनात आहे, रेघ ०.५ मिमी. हॅचच्या दोन रेघांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत २ मिमी. कार्डावर लोगो १४ मिमीचा आहे, लेटरहेडवर २० मिमीचा.

पिक्सेलपंत, जेपीजी नव्हती. इलस्ट्रेटरची मूळ फाइल होती. कार्डवाल्याला मी स्वतः कार्ड मांडून पीडीएफ दिली. लेटरहेडवाल्याला फक्त लोगो आणि मजकूर दिला होता, त्यांनी त्यांच्या कोरलमध्ये घेऊन लोगो लहान केला आणि बसवला.

कार्ड ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. लेटरहेड १०० जीएसएम बाँड.

जुळारीकाका

आता सगळं उघड झालं. रेझोल्यूशनचा इथे संबंध नाही, रेघ व्हेक्टरमध्ये आहे.

कार्डाचं आधी बघू. साठाचा लोगो चौदावर आणलास, तेव्हा रेघही त्याच प्रमाणात बारीक झाली. ०.५ गुणिले १४ भागिले ६०, म्हणजे जेमतेम ०.१२ मिमी. आता तुझा विटकरी रंग फोर कलरमध्ये छापला गेलाय. त्यात विटकरी अशी शाई नसते. गुलाबी, पिवळा, थोडा निळा आणि काळा यांचे बारीक ठिपके एकमेकांत बसून तो रंग दिसतो. नेहमीच्या १७५ लाइन स्क्रीनमध्ये दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण ०.१४५ मिमी येतं. तुझी रेघ त्याहूनही अरुंद आहे. ठिपका कुठे रेघेवर पडतो, कुठे दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत रेघ येते आणि तुटते. त्यात रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं की एका रंगाची कड बाहेर डोकावते. भिंग घेऊन बघ, रेघेच्या जागी रंगीत ठिपक्यांची माळ दिसेल.

लेटरहेडला याच्या उलट झालं. कोरलमध्ये रेघेच्या जाडीला एक खूण असते, `Scale with object`. ती नसेल तर चित्र लहान झालं तरी रेघ आहे तेवढीच जाड राहते. म्हणजे लोगो साठाचा वीस झाला, हॅचमधलं अंतर २ मिमीचं ०.६७ झालं आणि रेघ मात्र ०.५ चीच राहिली. मध्ये मोकळी जागा उरली ०.१७ मिमी. बाँड कागद शाई पितो, शाई कडेने पसरते, तेवढी फट भरून निघाली आणि डाग झाला. इलस्ट्रेटरमध्येही हीच खूण `Scale Strokes & Effects` नावाने असते. तुझ्याकडे ती लागलेली होती, त्यांच्याकडे नव्हती. एकाच फाइलचे दोन लोगो झाले ते एवढ्यामुळे.

छापखान्याला लोगो देताना रेघांच्या बाह्याकृती करून द्यायच्या, म्हणजे रेघ ही रेघ न राहता भरीव आकार होते. इलस्ट्रेटरमध्ये `Outline Stroke`. मग कुणी कुठेही लहान-मोठा केला तरी प्रमाण बिघडत नाही. पण नीट लक्षात घे, याने फक्त लेटरहेडचा गोंधळ टळेल. कार्डाचा टळणार नाही, कारण तिथे प्रमाण बरोबर होतं आणि तरीही रेघ मेली. तो लोगो चौदा मिमीसाठी काढलेलाच नाही.

पिक्सेलपंत

व्हेक्टर असेल तर रेझोल्यूशनचं मी मागे घेतो. पण लहान आकारासाठी लोगो वेगळा काढायचा हे मला पटत नाही. मी ज्या कंपन्यांसाठी काम केलं तिथे लोगोत एक रेघही हलवायला बंदी असते. कार्डावर पाच पायऱ्या आणि वेबसाइटवर नऊ, याला एकसारखेपणा कसं म्हणायचं?

केतकी_दादर

पंत, मला मात्र काकांचं वाचताना एकदम आमचंच काम आठवलं. १:२० चा डिटेल कुणी तसाच्या तसा लहान करून १:२०० च्या प्लॅनवर चिकटवत नाही. १:२० ला दाराची चौकट, पट्टी, बिजागरी सगळं दाखवतो; १:१०० ला दोन रेघा आणि एक कंस; १:२०० ला नुसती फट. दार तेच असतं. पेनही ठरलेली असतात. ड्रॉइंग कितीही लहान स्केलचं असो, हातातलं ०.२५ चं पेन ०.२५ चंच राहतं. नोकरीत ज्युनियर मुलांना हेच शिकवत होते आणि स्वतःच्या लोगोला ते लावलं नाही.

म्हणजे मी छोट्या स्केलचा जिना नव्याने काढायचा, असंच ना काका?

जुळारीकाका

अगदी तसंच. पंतांचंही चूक नाही. लोगोत हात घालायला बंदी असते, कारण येणारा-जाणारा प्रत्येकजण हात घालतो. पण लहान आकाराचा लोगो एकदा नीट काढून, ठरवून, बंद करून ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. आमच्या खिळ्यांच्या काळात ६ पॉइंटचा टाइप हा २४ पॉइंटचा लहान केलेला टाइप नसायचा. त्याचे साचेच वेगळे कापलेले असायचे, अक्षर थोडं रुंद, आतली पोकळी मोठी. वाचणाऱ्याला तो टाइप तोच वाटायचा, कारण त्याला वेगळं कापलेलं असायचं.

तू दोन लोगो ठेव. २५ मिमीच्या वर मैत्रिणीचा मूळ, आणि २५ च्या खाली छोटा. छोट्यात रेघ ०.२५ मिमी, म्हणजे ०.७ पॉइंट. पायऱ्या नवाच्या पाच. हॅच काढून तो त्रिकोण भरीव कर. लँडिंगची रेघ आणि जिन्याचा चढ मात्र मुळात आहे त्याच कोनात राहू दे, ओळख तिथेच आहे.

आता खरी गंमत सांगतो. कार्ड आणि लेटरहेडवर लोगो वेगवेगळ्या आकाराचा कशाला हवा? माणूस दोन्ही हातभर अंतरावरूनच वाचतो. कागद मोठा म्हणून लोगो मोठा करायची गरज नाही. दोन्हीकडे १६ मिमी ठेव, शंभर टक्के, एकच आकृती. नाव दोन्हीकडे ९ पॉइंट, पत्ता दोन्हीकडे ७. लोगो आणि नाव यांच्यात दोन्हीकडे ६ मिमी. मग कार्ड लेटरहेडवर ठेवून सरकवलंस तर लोगोवर लोगो आणि नावावर नाव बसलं पाहिजे. हीच तुझी परीक्षा, आणि खिडकीच्या काचेवर दोन्ही धरून कुणालाही घेता येते.

साइटवाला_बोरिवली

मी सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर आहे, डिझाइन मला कळत नाही. पण रोज दहा आर्किटेक्टची पत्रं हातात येतात म्हणून दोन गोष्टी सांगतो.

सोसायटीला दिलेलं पत्र एकटं राहत नाही. सेक्रेटरी त्याच्या चाळीस झेरॉक्स काढून मेंबरांना वाटतो, आणि बहुधा झेरॉक्सचीच झेरॉक्स निघते. पुष्कळांनी पत्ता आणि फोन फिक्या राखाडी रंगात छापलेले असतात, ते दुसऱ्या प्रतीत गायब. मग मेंबर मला विचारतात, मॅडमचा नंबर काय.

दुसरं, फाइल. सोसायटीच्या फायलीत कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात भोक पाडून टॅग ओवतात. मॅडमचा लोगो डाव्या कोपऱ्यात असेल तर टॅग बरोबर जिन्यातून जाणार. सही-शिक्क्यालाही खाली जागा हवी. तळाला पत्त्याची पट्टी असली की शिक्का तिच्यावरच बसतो आणि धड दोन्ही वाचता येत नाही.

कार्ड मात्र लॅमिनेशनचंच ठेवा. साइटवर सिमेंटचे हात असतात, साधं कार्ड दोन दिवसांत मळतं.

अंतर्गत_सजावट

माझा थोडा वेगळा प्रश्न. मी इंटिरियरचा डिप्लोमा केलाय आणि फ्लॅटचीच कामं करते. माझ्या कार्डावर नावाखाली आर्किटेक्ट लिहिलं तर चालेल का? गिऱ्हाईक तसंच म्हणतं.

केतकी_दादर

नाही चालणार. आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ च्या कलम ३७ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय ती पदवी लावता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते कलम काम करायला आडवं येत नाही, पण नावापुढे आर्किटेक्ट लावायला येतं. तुम्ही इंटिरियर डिझायनर लिहा, त्यात काहीच कमीपणा नाही.

यावरून आठवलं, माझा सीए/ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेटरहेडवर हवाच, दाखले त्यावरच देते. कार्डावर द्यावा का याबद्दल मन ठरत नाही. एक ओळ वाढते.

जुळारीकाका

साइटवाले, तुमची टॅगची गोष्ट सोन्यासारखी आहे. तो कोपरा कुणी विचारात घेत नाही.

केतकी, मग असं करू. टॅगचं भोक दोन्ही कडांपासून साधारण २० मिमीच्या आत पडतं. लेटरहेडवर लोगो डावीकडून ३० मिमीवर सुरू कर. ३० आणि १६ आणि ६, म्हणजे नाव ५२ मिमीवर येईल. पत्राचा मजकूरही त्याच ५२ च्या उभ्या रेषेत सुरू कर. उजवीकडे २० सोडलेस तर ओळ १३८ मिमीची होते, ११ पॉइंटला वाचायला छान लांबी आहे. पत्ता, फोन आणि नोंदणी क्रमांक वर नावाखालीच. तळ सही-शिक्क्याला पूर्ण मोकळा.

कार्ड ९० बाय ५४. डावीकडून ६ मिमीवर लोगो, म्हणजे नाव २८ वर येईल, आणि उजवीकडे ६ सोडून मजकुराला ५६ मिमी राहतात. पत्ता दोन ओळींत बसतो. कटिंगला कार्ड अर्धा-एक मिमी इकडे-तिकडे होतंच, म्हणून कडेला समांतर चौकट किंवा पट्टी टाकू नकोस. ६ चं ७ झालेलं कळत नाही, पण चौकट एका बाजूला जाड झालेली लगेच दिसते.

रंगाचं आता. तुझा मूळ घोळ कागदाचा आहे. आर्ट कार्डावर शाई वर राहते, लॅमिनेशनने ती आणखी गडद होते. बाँडवर शाई आत जाते आणि रंग मळतो. आकडे एकच असून रंग दोन, कारण कागद दोन. लॅमिनेशन सोडून कार्डालाही विनाकोटिंगचा ३०० जीएसएम कागद घे, लेटरहेडच्याच पांढऱ्या छटेचा. एक कागद जरा पिवळट आणि दुसरा निळसर असला तर शाई एक असूनही विटकरी वेगळा दिसेल, म्हणून दोन्ही नमुने दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून निवड. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कागदवाले आहेत, तिथे तुकडे हातात घेऊन बघता येतात. आणि विटकरी फोर कलरमध्ये न करता एकच मिसळलेली शाई, स्पॉट कलर. दोन रंगांची ऑफसेट: काळा आणि विटकरी. कार्ड आणि लेटरहेड एकाच मशीनवर, एकाच डब्यातल्या शाईने, एकाच दिवशी.

पिक्सेलपंत

काका, स्पॉट कलर ऑफसेटला ठीक. पण दोनशे कार्डांसाठी प्लेटा कोण बनवणार? डिजिटलवर दोनशेच काढून मिळतात, आणि तिथे स्पॉट कलर शेवटी चार रंगांतच मोडला जातो. म्हणजे परत ठिपक्यांची रेघ.

जुळारीकाका

हा मुद्दा पंतांचा शंभर टक्के बरोबर आहे. दोनशेसाठी ऑफसेट परवडत नाही, पाचशेपासून पुढे विचार करावा. लेटरहेड पाचशे लागतीलच, कार्डं त्याच खेपेत पाचशे.

आणि लेटरहेड डिजिटलवर करू नकोस, त्याला आणखी एक कारण आहे. डिजिटलवर छापलेला लोगो पुष्कळदा टोनरचा असतो. तोच कागद घरच्या लेझर प्रिंटरमध्ये पत्र छापायला घातला की आतल्या गरम रोलरखाली टोनर पुन्हा मऊ होतो, रोलरला चिकटतो आणि पुढच्या पानावर लोगोची सावली उमटते. ऑफसेटची शाईही पूर्ण वाळलेली हवी. छापल्यावर गठ्ठा काही दिवस पडू दे, मगच प्रिंटरमध्ये घाल.

केतकी_दादर

मग एक मधला मार्ग सुचतो. छोट्या लोगोत रेघा शुद्ध काळ्या आणि फक्त जिन्याखालचा भरीव त्रिकोण विटकरी. काळी रेघ एकाच शाईची, म्हणजे कधी घाईत पन्नास कार्डं डिजिटलवर काढावी लागली तरी ती तुटणार नाही. त्रिकोण मोठा आहे, त्याला ठिपके चालतील. झेरॉक्समध्येही जिना दिसेल, त्रिकोण राखाडी होईल एवढंच. मैत्रिणीला विचारलं, तिला आधी वाईट वाटलं. मग तिने स्वतःच काढून बघितला आणि म्हणाली की मोठ्या लोगोतही हॅच विटकरी आणि जिना काळा करू, म्हणजे दोन्ही एका घरातले वाटतील.

पिक्सेलपंत

मोठाही बदलताय तर माझी हरकत संपली. तरीही पूर्ण विटकरी लोगोत जी ऊब होती ती यात थोडी कमी झाली असं मला वाटतं. स्पॉट शाईत ०.२५ ची विटकरी रेघ सहज आली असती.

अक्षरवेल्हाळ

उशिरा आले. केतकी, नाव मराठीत आहे की इंग्रजीत? कुणीच विचारलं नाही.

केतकी_दादर

दोन्ही हवंय. सोसायट्यांशी पत्रव्यवहार मराठीतच होतो. कार्डाच्या पुढे इंग्रजी आणि मागे मराठी असं धरलं होतं. कोरलवाल्याने मराठी नाव टाकलं तेव्हा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडली होती आणि जोडाक्षर सुटलं होतं, म्हणून या वेळी ते काढूनच टाकलं.

अक्षरवेल्हाळ

काढू नकोस, दुरुस्त कर. वेलांटी मागे पडते, कारण प्रोग्रॅम अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने नुसती मांडतो, देवनागरीची जुळणी करत नाही. इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा कंपोझर निवडावा लागतो. तिथे नीट दिसलं की अक्षरांचे कर्व्ह करूनच छापखान्याला दे, मग त्यांच्या मशीनवर फाँट असो-नसो, काही हलणार नाही. पण कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून टाइप केलेली प्रत जपून ठेव.

तुझ्या नावात ल किंवा श आहे का? पुष्कळ फाँटमध्ये ही दोन अक्षरं आधी हिंदी वळणाची येतात. फाँटमध्ये मराठी वळण दिलेलं असेल तर मजकुराची भाषा मराठी केल्यावर ते येतं. मराठी माणसाला हिंदी वळणाचा ल लगेच खटकतो, जरी नेमकं काय खटकलं ते सांगता आलं नाही तरी.

आणि इंग्रजी ७ पॉइंट तर मराठी ७ नको. मात्रा आणि उकारांना वर-खाली जागा द्यावी लागत असल्याने देवनागरी अक्षराचं अंग त्याच पॉइंटला लहान दिसतं. साडेआठ करून बघ, दोन्ही शेजारी सारखे दिसेपर्यंत.

तुझ्या लोगोला देवनागरी एका कारणाने फार शोभेल. लँडिंगची आडवी रेघ आहे, तिच्याच पातळीवर नावाची शिरोरेघ आण. रेघेतून रेघ ओढून जोडू नकोस, मध्ये ते ६ मिमी राहू दे. फाँटचं वजन असं निवड की शिरोरेघ साधारण ०.२५ मिमी भरेल. मुक्ता हा मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा फाँट मोफत मिळतो आणि त्यात एक्स्ट्रा लाइटपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत वजनं आहेत. प्रत्येकाची प्रिंट काढ आणि लोगोशेजारी धर.

साइटवाला_बोरिवली

मराठी नाव मागे का? पुढेच घ्या ना. आमच्याकडे कार्ड उलटून कोण बघतं? मागची बाजू कोरी ठेवा, त्यावर आम्ही मापं लिहून घेतो.

केतकी_दादर

हे मला फार आवडलं. तसं असेल तर लॅमिनेशन नसलेलंच बरं ना दादा? मॅट लॅमिनेशनवर बॉलपेन नीट उमटत नाही.

साइटवाला_बोरिवली

लिहिण्यासाठी बरोबर आहे, मळण्याचं तेवढं राहतंच. माझ्या खिशात चार दिवस टिकेल की नाही सांगता येत नाही.

रश्मी_पार्ले

पत्रं आता पीडीएफनेच जातात ना पण? आमची सगळी बिलं व्हॉट्सअॅपवर जातात. छापील लेटरहेड पाचशे लागतील का खरंच?

जुळारीकाका

रश्मीताई, विचारायलाच हवं असं विचारलंत. सही-शिक्क्याचे दाखले कागदावर जातात, बाकी पत्रं ईमेलने. म्हणून वर्डचा साचाही त्याच मापांत बनवायचा. पान ए-४ आहे का ते आधी बघायचं. पुष्कळदा लेटर साइज धरलेली असते, आणि ती ए-४ पेक्षा जवळजवळ १८ मिमी आखूड असल्याने सगळं हलतं. लोगो हेडरमध्ये एसव्हीजी म्हणून टाकायचा आणि `Different First Page` लावायचं. पहिल्या पानावर पूर्ण शीर्षक, दुसऱ्या पानापासून नुसता लोगो त्याच ३० मिमीवर आणि ओळ त्याच ५२ वर. कडेला टेकणारी रंगीत पट्टी नको, कारण घरचा प्रिंटर कडेचे चार-पाच मिमी छापत नाही आणि तिथे पांढरी फट राहते.

केतकी, छापील लेटरहेडवर पत्र काढताना हेडर रिकामा असलेला दुसरा साचा वापर. नाहीतर लोगोवर लोगो छापला जाईल.

केतकी_दादर

मंडळी, आज प्रूफ हातात आलं. कागद दोन्ही विनाकोटिंगचे, एकाच पांढऱ्या छटेचे. कार्ड लेटरहेडवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरलं. लोगोवर लोगो बसतो. नाव मात्र अर्धा मिमी खाली येत होतं. शोधलं तर कार्डावर इंग्रजी नावाची खालची रेघ धरून मांडलं होतं आणि लेटरहेडवर शिरोरेघ धरून. दोन्हीकडे शिरोरेघ धरल्यावर बसलं.

झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली. जिना दिसतो, फोन नंबर वाचता येतो. मुक्ताचं लाइट वजन लँडिंगच्या रेघेशी जवळपास जुळलं. पत्त्याच्या ओळीत मात्र तेच वजन बारीक वाटलं, म्हणून पत्ता रेग्युलरमध्ये घेतला.

कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी नाव, त्याखाली लहान इंग्रजी, मागची बाजू कोरी. नोंदणी क्रमांक कार्डावर अजून घातलेला नाही. एक शंका उरली आहे: काका, भरीव त्रिकोणाचा विटकरी कार्डावर किंचित गडद वाटतो, शाई आणि मशीन एक असूनही. कागद जाड आहे म्हणून का?

जुळारीकाका

जाडीने एवढा फरक पडू नये. कार्डाच्या कागदाला खरखरीत पोत आहे का? पोताच्या खळग्यांत सावली पडते आणि रंग गडद भासतो. किंवा कार्डाच्या शीटवर शाई जास्त सोडली गेली असेल, कारण तिथे एका शीटवर दहा-वीस त्रिकोण असतात आणि लेटरहेडवर एकच. शाई वाळायला एक दिवस दे, मग दोन्ही त्रिकोण कापून एकमेकांना चिकटवून दाराजवळच्या उजेडात बघ. तरीही गडद वाटला तर मुलाला सांगतो, कार्डाच्या खेपेला शाई थोडी आवळून घेईल.